अहवालात ‘वार खाली आहे’ असे आले आहे. जावेला नीट समजावून कसे सांगावे?

मुक्ता_कळवा

माझ्या धाकट्या जावेचे हे पहिलेच बाळंतपण असून तिला विसावा आठवडा पूर्ण झाला आहे. मागच्या आठवड्यात ठाण्यातील एका केंद्रात तिची अवयवांची सोनोग्राफी झाली. तेथे गर्दी होती. अहवाल हातात देताना एवढेच सांगण्यात आले, की वार खाली आहे आणि ३२ व्या आठवड्यात पुन्हा तपासणी करावी लागेल. तिच्या डॉक्टरांची पुढील भेट दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत ती रात्र रात्र जागी राहते आणि मोबाइलवर नको ते वाचते.

अहवालातील ओळी जशा आहेत तशा देवनागरीत उतरवते: प्लासेंटा अँटेरिअर, लो-लाइंग, लोअर एज १.४ सेंमी फ्रॉम इंटर्नल ऑस. सर्व्हिकल लेंथ ३.६ सेंमी. लायकर अ‍ॅडिक्वेट. प्रेझेंटेशन व्हेरिएबल. नो ऑब्व्हियस अ‍ॅनोमली सीन.

तिचे शिक्षण जुन्नरजवळच्या मराठी शाळेत झाले. ती हुशार आहे, हिशोब चोख ठेवते, परंतु या ओळी वाचून तिने एकच अर्थ काढला आहे, की बाळ खाली घसरत आहे. सासूबाईंनी तिचे जिना चढणे-उतरणे बंद केले आहे. तिला खरे तेच सांगायचे आहे, पण घाबरवायचे नाही. जाणकारांनी मराठीत नेमके काय सांगावे ते सुचवावे, ही विनंती.

प्रतीक्षा_घणसोली

मुक्ताताई, अजिबात काळजी करू नका. माझ्या मुलीच्या मानेभोवतीसुद्धा नाळेचे दोन वेढे होते आणि तरीही प्रसूती नैसर्गिक झाली. जन्मल्यावर डॉक्टरांनी वेढे अलगद सोडवले. नाळ खाली असली तरी बाळ फिरले की ती आपोआप वर जाते, असे मला सांगितले होते.

क्षकिरण

मी वाशीला सोनोग्राफी करतो. प्रतीक्षाताईंचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या गोष्टीचा आहे. वेढे असतात ते नाळेचे. मुक्ताताईंच्या अहवालात वारेविषयी लिहिले आहे, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेला तो जाड, पसरट भाग, ज्यातून बाळाला रक्त मिळते. हा फरक जावेला आधी सांगा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे: खाली आहे ती वार, बाळ नव्हे. बाळ पाण्यात तरंगत आहे आणि ते कोठेही घसरत नाही.

आता समजावण्याच्या क्रमाविषयी. आम्ही अहवाल लिहितो तेव्हा क्रम आमच्या सोयीचा असतो, वाचणाऱ्या आईच्या सोयीचा नसतो. तिच्यासाठी सर्वांत मोठी ओळ तुम्ही शेवटी उतरवलेली आहे, की बाळात उघड असा कोणताही दोष दिसलेला नाही. ही तपासणी मुख्यतः त्यासाठीच असते. मेंदू, हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मूत्रपिंडे, हातपाय हे सगळे पाहून झाल्यावरच ती ओळ लिहिली जाते. म्हणून सुरुवात तेथून करा. पाणी पुरेसे आहे, हे दुसरे. गर्भाशयमुखाची लांबी ३.६ सेंमी आहे. ही लांबी २.५ सेंमीपेक्षा कमी झाली की आम्ही सावध होतो, त्यामुळे तीही उत्तम आहे. ‘प्रेझेंटेशन व्हेरिएबल’ म्हणजे बाळ फिरते आहे. विसाव्या आठवड्यात तसेच असायला हवे, त्यावर एक वाक्यही खर्च करू नका.

राहिली वार. गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून वारेची खालची कड किती दूर आहे, हे आम्ही मोजतो. ते अंतर २० मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर वार खाली आहे असे म्हणत नाहीत. तुमच्या जावेचे अंतर १४ मिमी आहे, म्हणजे सहा मिमी कमी पडले. तोंड झाकलेले नाही. वारेने तोंड झाकलेले असणे ही निराळी स्थिती आहे आणि मोबाइलवर ती जे वाचते आहे ते बहुतेक त्या स्थितीविषयीचे असणार.

वाटसरू_घोडबंदर

डॉक्टरांनी छान सांगितले, पण उपाय राहून गेला. माझ्या पत्नीचा अहवाल अगदी असाच होता. आम्ही पलंगाच्या पायथ्याकडील पायांखाली विटा ठेवल्या, तिला तीन महिने जवळजवळ उठू दिले नाही, आणि पुढच्या सोनोग्राफीत वार वर सरकलेली होती. त्यामुळे सासूबाईंचे चुकत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे योनीमार्गातून सोनोग्राफी करू देऊ नका, त्याने रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

सिस्टर_मालती

मी ठाणे जिल्ह्यातील सरकारी प्रसूती कक्षांमध्ये नोकरी करून निवृत्त झाले आहे. वाटसरू यांच्या पत्नीची वार वर गेली हे मी मानते, परंतु विटांमुळे गेली हे मानत नाही. विटा न ठेवणाऱ्या बायकांचीही वार तशीच वर जाते.

त्याचे कारण असे. वार भिंतीवरून चालत जात नाही. ती जेथे रुजली तेथेच असते. विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा खालचा भाग अगदी आखूड असतो आणि सातव्या महिन्यापासून तो ताणला जाऊन लांब होतो. भाकरी थापताना तिच्यावरचे दोन तीळ आपापल्या जागीच असतात, पण त्यांच्यातील अंतर वाढत जाते, तसेच हे आहे. एक तीळ वारेची कड आणि दुसरा गर्भाशयाचे तोंड. मी खेड्यापाड्यांतील बायकांना हे असेच सांगत आले आणि त्यांना ते लगेच पटत असे, कारण थापताना हाताखाली काय होते हे त्यांना ठाऊक असते.

उलट, सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, बद्धकोष्ठता होते आणि बाई मनाने खचते. रक्तस्राव नसताना हिंडण्या-फिरण्यावर बंदी कशासाठी? जड बादल्या उचलू नयेत, एवढे मात्र मी सांगेन.

क्षकिरण

सिस्टरांच्या म्हणण्यात थोडी भर घालतो. वारेची वरची बाजू रक्तपुरवठा चांगला असलेल्या भागाकडे वाढते आणि खालची कड हळूहळू विरळ होते, हेही घडते. दोन्ही मिळून परिणाम असा, की विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या वारांपैकी साधारण दहांतील नऊ प्रसूतीच्या वेळेपर्यंत सुरक्षित अंतरावर गेलेल्या असतात.

वाटसरू यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी ठामपणे असहमत आहे. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी अशा वेळी सुरक्षित असते आणि अधिक अचूकही असते. तिचा दांडा गर्भाशयमुखाच्या आत जात नाही, त्याच्या अलीकडेच थांबतो. टाळायची असते ती बोटांनी केलेली आतली तपासणी, आणि लोक बहुधा या दोन्हींची गल्लत करतात. पोटावरून पाहताना मूत्राशय तुडुंब भरलेले असेल तर ते गर्भाशयाचा खालचा भाग दाबते आणि वार आहे त्यापेक्षा खाली असल्याचा भास होतो. गर्भाशय त्या क्षणी आखडलेले असले तरी असेच होते. म्हणून मुक्ताताई, हे १.४ सेंमी पोटावरून मोजले होते की आतून, आणि मोजण्यापूर्वी जावेला लघवीला जाऊन यायला सांगितले होते का, एवढे तिला विचारा.

मुक्ता_कळवा

विचारले. तपासणी पोटावरूनच झाली. तासभर पाणी पाजून बसवून ठेवले होते आणि मध्ये लघवीला जाऊ दिले नव्हते, असे ती म्हणते.

क्षकिरण

मग तो आकडा दगडावरची रेघ समजू नका. प्रत्यक्षातील अंतर १४ मिमीपेक्षा थोडे जास्तही असू शकेल. मी स्वतः चित्रे पाहिलेली नाहीत, त्यामुळे याहून पुढे बोलणे योग्य नाही. डॉक्टरांच्या भेटीत, हे आतून एकदा पाहावे का, असा थेट प्रश्न विचारा. काही डॉक्टर लगेच पाहतात, काही ३२ व्या आठवड्यापर्यंत थांबतात. तोंड झाकलेले नाही आणि रक्तस्राव नाही, अशा स्थितीत थांबण्यातही काही चूक नाही.

राबोडीकर

अँटेरिअर म्हणजे वार पुढच्या बाजूला. आमच्याकडे जुनी माणसे म्हणतात की वार पुढे असली की

(या प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादक मंडळाने काढला आहे.)

संपादक_मंडळ

वारेच्या जागेवरून बाळाचे लिंग ओळखण्याविषयीचा मजकूर येथे ठेवला जाणार नाही. गर्भलिंग निदान १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि वारेच्या जागेचा लिंगाशी काही संबंध जोडणेही निराधार आहे. कृपया मूळ प्रश्नावर लिहावे.

सिस्टर_मालती

बरे झाले काढले. अँटेरिअरचा खरा उपयोग मी सांगते, कारण पहिलटकरणीला तो माहीत असायला हवा. वार पुढच्या भिंतीवर असली की बाळ आणि पोटाची त्वचा यांच्यामध्ये ती येते. त्यामुळे बाळाची हालचाल थोडी उशिरा आणि बोथट जाणवते. शेजारणीला अठराव्या आठवड्यात जाणवली आणि मला अजून नाही, म्हणून ती रडत बसेल. तिला आधीच सांगून ठेवा. मात्र २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवले नाही, तर वार पुढे आहे म्हणून असेल असे समजून घरी बसू नये, डॉक्टरांना कळवावे. एकदा हालचाल नीट जाणवू लागल्यावर ती कमी झाली, तर त्याचेही कारण वार पुढे असणे हे नसते.

स्वाती_नेरुळ

सर्वांचे वाचले. कोणाला घाबरवण्याचा माझा हेतू नाही, पण सगळे ‘वर जाईल, वर जाईल’ असे म्हणत आहेत, म्हणून लिहिते. माझे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले होते. दुसऱ्या वेळी विसाव्या आठवड्यात अहवालात वार पुढे आणि खाली असल्याचे आले. मलाही वर जाईल असेच सांगितले गेले. ती गेली नाही. ३२ व्या आठवड्यात तिने तोंड पूर्ण झाकलेले होते आणि जुन्या टाक्याच्या जागी ती खोलवर रुजली आहे का, हे पाहण्यासाठी मला कलर डॉपलरसाठी पाठवले. सुदैवाने तसे नव्हते. ३४ व्या आठवड्यात एका पहाटे दुखल्याशिवाय रक्तस्राव झाला, मी भरती राहिले, आणि रक्ताच्या पिशव्या तयार ठेवून ३७ व्या आठवड्यात सिझेरियन झाले. मुलगा आज पहिलीत आहे.

मला त्या पहाटे सर्वांत जास्त राग कशाचा आला, तर रक्तस्राव होऊ शकतो हे मला कोणीच सांगितले नव्हते याचा. मला वाटले बाळ गेले.

मुक्ता_कळवा

स्वातीताई, तुम्ही लिहिलेत म्हणून आभार. आमच्या घरात नेमका हाच वाद आहे. सासूबाई म्हणतात, गर्भारणीपुढे रक्ताचे नाव काढू नये. मला वाटते सांगावे, पण कसे ते कळत नाही.

क्षकिरण

स्वातीताईंची परिस्थिती आणि या जावेची परिस्थिती यांत मोठा फरक आहे. आधीचे सिझेरियन असेल आणि वार पुढे व खाली असेल, तर आम्ही पहिल्यापासून जास्त बारकाईने पाहतो, कारण तेथे वार टाक्यात रुजण्याचा धोका असतो आणि वर जाण्याची शक्यताही कमी असते. वारेने तोंड जितके जास्त झाकलेले, तितकीही ती कमी. तुमच्या जावेच्या बाबतीत हे दोन्ही नाही. तरीसुद्धा दहांतील एक जण उरतोच, आणि ती कोण असेल हे आज कोणालाही सांगता येत नाही. म्हणून सांगावे, या मताचा मी आहे.

सिस्टर_मालती

सासूबाईंची माया मला समजते. पण माहिती लपवली की बाई घाबरते ती ऐन वेळी, आणि तेव्हा तिच्या हातात काहीच नसते. मी सांगताना भीती आणि काय करायचे ते एकाच वाक्यात ठेवत असे. ‘रक्त गेले तर’ असे म्हणून श्वास घ्यायला थांबू नये, पुढचे लगेच सांगून टाकावे.

सांगायचे ते एवढेच. अंगावरून लाल रक्त गेले, थोडे असो वा जास्त, दुखत असो वा नसो, तर घरी थांबून पाहायचे नाही. शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जायचे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. फाइल सोबत न्यायची आणि गेल्या गेल्या सांगायचे, की अहवालात वार खाली आहे, आधी सोनोग्राफी पाहा, बोटांनी आतून तपासू नका. हे शेवटचे वाक्य घरातील प्रत्येकाला पाठ असू द्या, कारण धावपळीत ड्युटीवरील व्यक्ती नवीन असू शकते. बहुतेक वेळा असा रक्तस्राव थांबतो आणि बाळ ठीक असते, हेही त्याच दमात सांगा.

वाटसरू_घोडबंदर

विटांचे राहू द्या. पण ती कामाला जाते का? कळव्याहून गर्दीच्या लोकलने जाणे मला तरी धोक्याचे वाटते.

मुक्ता_कळवा

ती महापेला एका कार्यालयात हिशोबाचे काम करते. ठाण्याला जाऊन ट्रान्सहार्बरची गाडी पकडते आणि कोपरखैरणेला उतरून पुढे रिक्षाने जाते. घरी बसायची तिची मुळीच इच्छा नाही.

क्षकिरण

रक्तस्राव झालेला नसेल तर केवळ १४ मिमी या आकड्यावरून नोकरी सोडायला सांगणे मला पटत नाही. बसून काम आहे, गाडी रिकाम्या वेळेची मिळत असेल तर जावे.

स्वाती_नेरुळ

माझे मत वेगळे आहे. ठाणे स्थानकात सकाळी फलाट बदलताना जी रेटारेटी होते, ती क्षकिरण यांनी एकदा पोट पुढे घेऊन अनुभवावी. कागदावर बंदी नसली तरी कोणाचे कोपर कोठे लागेल सांगता येत नाही. काही महिने घरून काम मिळाले तर मागून घ्यावे.

सिस्टर_मालती

दोघांचेही बरोबर असू शकते. कोपराचा धक्का वार वर असलेल्या बाईलाही नको. हे तिच्या डॉक्टरांनी ठरवावे.

मुक्ता_कळवा

सर्वांच्या प्रतिसादांवरून मी तिच्यासाठी मजकूर लिहिला आहे. चूक असेल तर सांगा.

“तुझे बाळ तपासले आणि त्याच्यात कोणताही दोष दिसला नाही. पाणी पुरेसे आहे आणि गर्भाशयाचे तोंड नीट मिटलेले आहे. बाळाला रक्त देणारी वार गर्भाशयाच्या तोंडाच्या थोडी जवळ रुजली आहे. तिने तोंड झाकलेले नाही. ती पुढच्या भिंतीवर आहे, म्हणून हालचाल तुला थोडी उशिरा कळेल. गर्भाशय वाढेल तसे वार आणि तोंड यांमधील अंतर वाढेल आणि ३२ व्या आठवड्यात वार वर गेलेली असेल. ती खाली राहण्यात तुझ्या चालण्याचा, जिन्याचा किंवा खाण्याचा काही दोष नाही. कधी लाल रक्त गेले तर आपण लगेच फाइल घेऊन रुग्णालयात जाऊ आणि आतून तपासू नका असे सांगू. असे रक्त बहुतेक वेळा थांबते आणि बाळ ठीक असते.”

क्षकिरण

फार नेटके झाले आहे. ‘वर गेलेली असेल’ याऐवजी ‘बहुतेक वर गेलेली असेल, नसेल तर ३६ व्या आठवड्यात पुन्हा पाहू’ असे लिहा. तुमचे वाक्य खरे ठरले नाही तर तिचा पुढच्या कोणत्याच वाक्यावर विश्वास बसणार नाही. दोषाबाबतही ‘सोनोग्राफीत दिसू शकणाऱ्या गोष्टींमध्ये दोष दिसला नाही’ असे म्हणा, कारण सगळेच सोनोग्राफीत दिसते असे नाही. आणि ३२ व्या आठवड्यात वार वर गेलेली दिसली, तरी नाळेच्या रक्तवाहिन्या तोंडावरून जात नाहीत ना, हे कलर डॉपलरवर पाहून घ्यायला सांगा. ही ओळ तिच्यासाठी नको, तुम्ही लक्षात ठेवा.

स्वाती_नेरुळ

आणि ३६ व्या आठवड्यातही अंतर १४ मिमीच राहिले तर? सिझेरियनच करावे लागते ना? मला एका डॉक्टरांनी हो सांगितले होते आणि दुसऱ्यांनी नाही.

क्षकिरण

दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. तोंड झाकलेले असेल तर सिझेरियन, आणि अंतर २० मिमीच्या पुढे असेल तर वारेमुळे नैसर्गिक प्रसूतीला अडचण नाही, या दोन टोकांवर एकमत आहे. मधल्या पट्ट्यात, विशेषतः १० ते २० मिमीमध्ये, डॉक्टरांची मते वेगवेगळी आहेत. आधी रक्तस्राव झाला आहे का, वारेची कड जाड आहे की पातळ, बाळाचे डोके तिच्या खाली उतरले आहे का आणि त्या रुग्णालयात रात्री रक्त व भूलतज्ज्ञ मिळतात का, यावर ते ठरते. विसाव्या आठवड्यात त्याची चर्चा करू नये, असे मला वाटते.

मुक्ता_कळवा

बदल केले आणि काल रात्री तिला वाचून दाखवले. तिने दोनच प्रश्न विचारले. जिना चढू का, हा पहिला. सासूबाई समोरच होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. दुसरा असा, की फाइलवर तिचा रक्तगट बी निगेटिव्ह लिहिला आहे आणि दिराचा बी पॉझिटिव्ह आहे, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

सिस्टर_मालती

आहे, आणि मुलीने नेमके विचारले. रक्तस्राव झाला तर बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळू शकते, म्हणून अशा वेळी ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन घ्यावे लागते, मग रक्त अगदी थोडे गेलेले असो. काहीच झाले नाही तरी २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन देतात, त्याआधी इनडायरेक्ट कूम्ब्ज नावाची रक्ततपासणी करतात. ती झाली आहे का ते फाइलमध्ये पाहा. झाली नसेल तर या भेटीतच डॉक्टरांना आठवण करून द्या. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने दोन ओळी लिहून ठेवा: वार खाली, रक्तगट बी निगेटिव्ह.